शब्दकोशात बघूनही उच्चार चुकतो? आधी ती छोटी उभी रेघ तपासा

शब्द शब्दकोशात शोधला, तिरक्या रेघांमधली चिन्हं एकेक करून वाचली, चार वेळा मोठ्याने म्हटला, तरी ऐकणारा "काय म्हणालात?" असं विचारतो. ही तक्रार माझ्याकडे इंग्रजी शिकायला येणाऱ्यांकडून मी इतक्या वेळा ऐकली आहे की आता पहिला प्रश्न ठरून गेलाय: "त्यातली छोटी उभी रेघ कुठे होती, आणि तुम्ही जोर कुठे दिलात?" बहुतेक वेळा बिघाड तिथेच सापडतो. ज, झ, ऑ, ॲ हे नीट असतात, जोर मात्र भलत्याच जागी पडलेला असतो.

एक उदाहरण घेतो. एका विद्यार्थिनीला कामावर सादरीकरण करायचं होतं आणि त्यात 'डेव्हलपमेंट' हा शब्द दर दुसऱ्या वाक्यात होता. तिने शब्दकोश बघितला होता, वहीत उतरवूनही घेतलं होतं. शब्दकोशात होतं ते असं:

```
development  /dɪˈveləpmənt/
```

तिने म्हणून दाखवलं: डि-वे-लप-मेंट. सगळा जोर 'डि'वर, आणि शेवटी ठसठशीत 'मेंट'. मी विचारलं, जोर 'डि'वर का? ती म्हणाली, "सर, 'डि'च्या नंतर खूण आहे ना." म्हणजे तिने खूण पाहिली होती, तिचा अर्थही तिला ठाऊक होता. फक्त ती खूण कोणाची, हे उलटं समजलं होतं.

ही चूक आपल्याकडून होणं स्वाभाविक आहे. इंग्रजी मजकुरात अक्षराच्या वरच्या बाजूला येणारी अशी रेघ आपण अपॉस्ट्रॉफी म्हणून ओळखतो आणि ती आधीच्या अक्षराला चिकटलेली असते. मराठीतही काना आणि विसर्ग अक्षराच्या मागून येतात. पण आपल्याच लिपीत एक चिन्ह असं आहे जे अक्षराच्या आधी उभं राहतं आणि तरी पुढच्याचंच असतं: पहिली वेलांटी. 'कि' लिहिताना वेलांटी डावीकडे येते, पण ती 'क'ची असते. ˈ ही खूण तशीच वाचायची. ती जिथे उभी आहे, तिथून पुढचा सिलॅबल, म्हणजे एका दमात निघणारा शब्दाचा तुकडा, जोराचा. `/dɪˈveləpmənt/` मध्ये रेघेनंतर `ve` आहे, म्हणून जोर 'व्हे'वर: डि-व्हे-लप्-मन्ट्.

जोर म्हणजे नुसता मोठा आवाज नव्हे. बरेच जण तो सिलॅबल ओरडल्यासारखा म्हणतात, बाकीचे आहेत तसेच ठेवतात आणि मग शब्द विचित्र वाटतो. इंग्रजीत जोराच्या जागी स्वर थोडा लांबतो, आवाजाची पट्टी तिथे बदलते आणि आजूबाजूचे स्वर बारीक होतात. ही तिसरी गोष्ट आपल्याला सगळ्यांत जड जाते. मराठीत प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखं वजन मिळतं, आणि जोर इकडचा तिकडे झाला म्हणून मराठी शब्दाचा अर्थ बदलत नाही. त्यामुळे आपला कान जोराकडे लक्षच देत नाही. इंग्रजी ऐकणारा मात्र शब्द ओळखतो तो बऱ्याच अंशी जोराच्या जागेवरून. तो 'डि'वर जोर ऐकतो आणि 'डि'ने सुरू होणारा दुसराच एखादा शब्द शोधायला लागतो.

दुरुस्ती करताना शब्द सुरुवातीपासून म्हणायचाच नाही. रेघ शोधा आणि शब्द तिथे कापा. आधी रेघेनंतरचा सिलॅबल एकटा म्हणा: व्हे. तो थोडा ताणा. मग त्याच्या मागे उरलेलं हलक्या आवाजात जोडा: व्हे-लप्-मन्ट्. हे सुरळीत झालं की सगळ्यांत शेवटी सुरुवातीचा 'डि' लावा, जवळजवळ पुटपुटल्यासारखा. सुरुवातीपासून म्हटलं की जीभ पहिल्याच तुकड्यावर जोर खर्च करते. रेघेपासून बांधत गेलं की ती सवय आपोआप टळते.

आता हे जमलं की नाही ते कसं कळणार? तोंड बंद करून शब्द गुणगुणा. चार सिलॅबल असतील तर चार हुंकार, त्यातला दुसरा लांब: म् मं म् म्. ऑनलाइन शब्दकोशात स्पीकरचं बटण असतं. ते दाबून ऐका आणि जे ऐकलं ते तसंच तोंड मिटून गुणगुणा. दोन्ही चाली जुळल्या तर जोर योग्य जागी आहे. गुणगुणताना स्वर-व्यंजनं गळून पडतात आणि फक्त जोर उरतो, म्हणून ही तपासणी फसत नाही. "बटण दाबून ऐकलं की झालं, चिन्हं कशाला वाचायची?" असं मला विचारलं जातं. माझा अनुभव असा की नुसतं ऐकल्यावर आपण आपल्याला आधीपासून माहीत असलेला 'डेव्हलपमेंट'च ऐकतो. चिन्ह आधी वाचलं की कानाला कुठे लक्ष द्यायचं ते कळतं.

यानंतरही शब्द पूर्ण बसत नसेल तर दुसरा संशयित म्हणजे `ə`, उलटा ई. याला श्वा म्हणतात. वरच्या शब्दात तो दोनदा आहे: `lə` मध्ये आणि `mənt` मध्ये. स्पेलिंगमध्ये त्या जागी एकदा ओ आणि एकदा ई आहे, आणि स्पेलिंग डोळ्यांसमोर असलं की तोंडातून 'मेंट'च येतं. शब्दकोश सांगतोय की तिथे 'ए' नाहीच.

`ə` साठी 'अ' म्हणा, असं बहुतेक पुस्तकं सांगतात. ते चूक नाही, पण अर्धवट आहे. मराठीतला उच्चारलेला 'अ' हा पूर्ण वजनाचा स्वर आहे. श्वा त्याच्यापेक्षा आखूड आणि सैल असतो. तो कसा, हे आपल्या तोंडाला ठाऊक आहे. 'गडबड' लिहिताना चार अक्षरं, प्रत्येकात 'अ'. बोलताना मात्र आपण गड्-बड् म्हणतो, दुसरा आणि चौथा 'अ' गिळतो. पहिल्या 'ग'मधला पूर्ण 'अ' आणि 'ड'मधला गिळलेला 'अ', यांच्या मधोमध श्वा बसतो: गिळायचा नाही, पण थांबायचंही नाही.

यातून तपासणीचा एक नियम मिळतो. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन यांच्या विद्यार्थ्यांसाठीच्या शब्दकोशांत एकट्या `ə` वर जोर जवळजवळ कधीच नसतो. तुम्ही म्हणत असलेल्या शब्दात जोर श्वावर पडतोय असं दिसलं, तर रेघ वाचण्यात बहुधा चूक झाली आहे. 'कमिटी' बघा: `/kəˈmɪti/`. जोर 'क'वर देत असाल तर श्वाच तुम्हाला पकडून देतो.

'एकट्या' हा शब्द मी मुद्दाम वापरला. `əʊ` हे जोडचिन्ह आहे. त्यात `ə` दिसतो, पण तो श्वा नाही. ते 'गो', 'होम' मधल्या ओ-सारख्या स्वराचं चिन्ह आहे आणि त्याच्यावर जोर खुशाल येतो. ही गफलत एका शब्दकुटुंबात लख्ख दिसते, म्हणून ते पूर्ण सोडवून दाखवतो:

```
photograph    /ˈfəʊtəɡrɑːf/
photographer  /fəˈtɒɡrəfə(r)/
photographic  /ˌfəʊtəˈɡræfɪk/
```

मराठीत आपण तिन्हींची सुरुवात एकाच 'फोटोग्राफ'ने करतो. इंग्रजीत तसं नाही. पहिल्या ओळीत रेघ अगदी सुरुवातीला आहे, म्हणून जोर 'फोऊ'वर. दुसरा ओ दुबळा होऊन श्वा झाला आहे. शेवटी `ɑː`, म्हणजे लांब 'आ': फोऊ-ट-ग्राफ्.

दुसऱ्या ओळीत रेघ `t` च्या आधी सरकली. आता जोर `tɒɡ` वर, म्हणजे 'टॉग्'वर. मघाशी ज्या ओवर जोर होता त्याचा श्वा झाला, आणि ज्याचा श्वा होता तो पूर्ण 'ऑ' झाला. 'ग्राफ्'मधला लांब 'आ'सुद्धा विरून `ə` उरला: फ-टॉग्-र-फ. इथे 'फोटो' ऐकूच येत नाही, आणि तेच बरोबर आहे. माझ्या वर्गात हा शब्द पहिल्यांदा असा ऐकल्यावर जवळपास प्रत्येक जण म्हणतो की शब्दकोश चुकला असेल. शब्दकोश चुकलेला नाही. सी-सॉसारखं आहे: जोर एका टोकाला बसला की दुसरं टोक हलकं होतं. म्हणून जोराची खूण आणि श्वा वेगवेगळे पाठ करायची गरज नाही, एकाची जागा कळली की दुसऱ्याचा अंदाज येतो.

तिसऱ्या ओळीत दोन खुणा आहेत. वरची ˈ मुख्य जोराची, ती `ɡræ` च्या आधी. खालची ˌ दुय्यम जोराची, ती सुरुवातीला. म्हणून पहिला ओ पुन्हा पूर्ण `əʊ` झाला, पण सगळ्यांत मोठा ठोका 'ग्रॅ'वर: फोऊ-ट-ग्रॅ-फिक्. खालची रेघ पुष्कळांच्या नजरेतून सुटते, छापील पानावर ती स्वल्पविरामासारखी दिसते.

दुसऱ्या ओळीच्या शेवटी कंसातला `(r)` आहे. ब्रिटिश उच्चारात पुढचा शब्द स्वराने सुरू झाला तरच हा 'र' म्हणतात, एरवी नाही. अमेरिकन उच्चार त्याच पानावर वेगळा दिलेला असतो:

```
photographer  /fəˈtɑːɡrəfər/
```

यात 'र' नेहमी आहे आणि 'ऑ'च्या जागी 'आ'. दोन्ही बरोबर. फक्त एकाच ओळीतून स्वर आणि 'र' दोन्ही घ्या. पण बघा, रेघ दोन्हीकडे एकाच जागी आहे.

त्या रेघेतून आणखी एक गोष्ट मिळते, जी बहुतेक ठिकाणी सांगितली जात नाही. जोराच्या सिलॅबलची सुरुवात p, t किंवा k ने होत असेल तर इंग्रजी बोलणारे त्या व्यंजनाबरोबर हवेचा झोत सोडतात. आपल्या भाषेत तो फरक आहेच: त आणि थ यांत थ-ला झोत असतो, ट आणि ठ यांत ठ-ला. आपण मात्र इंग्रजी शब्दात बिनझोताचा ट म्हणतो आणि इंग्रजी कानाला तो कधीकधी ड वाटतो. `/pəˈteɪtəʊ/`, म्हणजे बटाटा, यात रेघेनंतरचा `t` थोडासा 'ठ'कडे झुकतो. त्याच शब्दातला शेवटचा `t` झुकत नाही, कारण त्याच्या आधी रेघ नाही. व्यंजनाआधी त्याच सिलॅबलमध्ये s असेल तर झोत येत नाही, म्हणून 'स्टॉप'चा ट आपला नेहमीचाच ठेवायचा. तोंडासमोर कागदाची पट्टी धरली तर ती हलते की नाही यावरून कळतं.

काहींची अडचण याहून वेगळी असते: सगळे नियम पाळले, तरी हातातल्या शब्दकोशाशी जुळत नाही. तेव्हा शब्दकोश कोणती पद्धत वापरतो ते आधी बघा. आतापर्यंत आपण वाचली ती चिन्हं आयपीएची, म्हणजे आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीची. तोच एक शब्द तीन पद्धतींत असा दिसतो:

```
आयपीए:             /fəˈtɒɡrəfə/
American Heritage:  fə-tŏg′rə-fər
Merriam-Webster:    fə-ˈtä-grə-fər
```

मधली ओळ नीट पाहा. अमेरिकन हेरिटेजमध्ये खूण जोराच्या सिलॅबलच्या नंतर येते. मेरियम-वेब्स्टरमध्ये ती आयपीएप्रमाणे आधी येते. म्हणजे माझ्या विद्यार्थिनीने लावलेला अर्थ एका पद्धतीत बरोबर ठरला असता. तिच्या आधीच्या शिक्षकांनी बहुधा तशाच शब्दकोशावरून शिकवलं असावं, असं मला वाटतं. दोन्हींतला फरक ओळखायची सोपी युक्ती आहे: तुम्हाला पक्का माहीत असलेला एखादा शब्द आधी शोधा. 'हॅपी' घ्या. त्यात जोर पहिल्या सिलॅबलवर असतो याबद्दल कोणालाच शंका नसते. खूण शब्दाच्या अगदी आधी दिसली तर पुढच्याची पद्धत, पहिल्या तुकड्यानंतर दिसली तर मागच्याची.

मेरियम-वेब्स्टरमध्ये श्वाचा नियमही चालत नाही. तिथे 'कट'सारख्या जोराच्या शब्दातही `ə` च वापरतात. आयपीएमध्ये त्या जागी `ʌ` असतो. चिन्ह एकच, पण काम दुहेरी. तसंच आयपीएमधला `j` हा 'ज' नसून 'य' आहे: `/jes/` म्हणजे 'येस'. 'ज'साठी `dʒ`. दर वर्षी कोणीतरी 'जेस' वाचतंच.

घरात जुना शब्दकोश असेल तर त्याचाही वेगळा हिशेब. डॅनियल जोन्स यांचा इंग्रजी उच्चारांचा शब्दकोश 1917 मध्ये आला. त्यांच्या पद्धतीत 'सिट' आणि 'सीट' यांतला फरक फक्त लांबीच्या खुणेने दाखवत: `sit` आणि `siːt`. ए. सी. गिमसन यांनी त्याच शब्दकोशाच्या 1977 च्या 14 व्या आवृत्तीत ऱ्हस्व इ-साठी `ɪ` हे वेगळं चिन्ह घेतलं, कारण तो स्वर नुसता आखूड नसून जिभेची जागाही वेगळी असते. म्हणून जुन्या पुस्तकातला बिनखुणेचा `i` म्हणजे 'सिट'मधला आखूड इ. नव्या पुस्तकात बिनखुणेचा `i` बहुतेक फक्त 'हॅपी'च्या शेवटी येतो, तसा वरच्या 'कमिटी'च्या शेवटीही आहे. दोन काळातली पुस्तकं शेजारी ठेवून वाचली की गोंधळ नक्की होतो.

आणि एक सापळा चिन्हांच्या आधीच असतो. ठळक अक्षरातला मुख्य शब्द पुष्कळ शब्दकोश ठिपके घालून छापतात:

```
pho·tog·ra·pher
```

हे ठिपके ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा झाला तर कुठे तोडावा, यासाठी आहेत. ते उच्चार सांगत नाहीत आणि जोर तर मुळीच सांगत नाहीत. ठिपके पाहून 'फो-टॉग-रा-फर' म्हणणारे मला भेटले आहेत. उच्चारासाठी नजर तिरक्या रेघांच्या आतच ठेवा.

वहीत उतरवताना माझी एकच विनंती असते: उच्चार देवनागरीत लिहायला हरकत नाही, पण रेघेऐवजी जोराच्या तुकड्याखाली पूर्ण ओळ ओढा. ओळ तुकड्याच्या खालीच असल्यामुळे ती आधीची की नंतरची हा प्रश्न उरत नाही. फोनवर किंवा संगणकावर लिहिताना नेहमीची अपॉस्ट्रॉफी टाकू नका. जोराच्या खुणेचा संकेतांक `U+02C8` आणि खालच्या रेघेचा `U+02CC` आहे. शब्दकोशातून नक्कल केली तर त्या जशाच्या तशा येतात.

त्या विद्यार्थिनीने आठवडाभर ओळ ओढून सराव केला. 'डेव्हलपमेंट' सुधारला, पण मग ती 'थर्टीन' घेऊन आली. शब्दकोशात जोर शेवटी आहे आणि प्रत्यक्षात तिला तो सुरुवातीला ऐकू येत होता:

```
thirteen  /ˌθɜːˈtiːn/
thirty    /ˈθɜːti/
```

यात तिचा कान बरोबर होता. शब्दकोश शब्द एकटा उभा करून दाखवतो. त्याच्यानंतर लगेच जोराचा दुसरा शब्द आला, जसं 'थर्टीन बुक्स', तर दोन मोठे ठोके शेजारी येऊ नयेत म्हणून पहिला ठोका मागे सरकतो, आणि सरकतो तो खालच्या रेघेच्या जागेवर. म्हणजे ˌ ही खूण जोर कुठे हलू शकतो तेही सांगते. 'मशीन', `/məˈʃiːn/`, यात मुख्य जोराआधी खालची रेघ नाही, श्वा आहे, म्हणून तिथला जोर कुठल्याही वाक्यात हलत नाही. फोनवर 13 आणि 30 यांत घोटाळा होतो तोही यामुळेच. नुसता आकडा सांगायचा असेल तर 13 ला शेवटचा 'टीन' लांब आणि जोरात म्हणायचा, 30 ला 'थर्'वर जोर देऊन शेवट झटकन संपवायचा.